चकतीची दिशा

पेट्रोलची गाडी घाटात वरच्या गिअरमध्ये रेटली, की कधी कधी इंजिनातून बारीक टकटक ऐकू येते. मेकॅनिक लगेच सांगतो, ‘गाडी नॉकिंग करतेय.’ सिलिंडरमधल्या मिश्रणाला स्पार्क प्लग पेटवतो आणि तिथून ज्वाला पुढे सरकत जाते. इंजिनावर ताण जास्त असला, किंवा पेट्रोल बेताचे असले, तर ज्वाला पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपणहून एकदम पेटते. त्यातून उठलेली दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर मागेपुढे आपटत राहते, सेकंदाला साधारण पाच ते आठ हजार वेळा. हे चालू राहिले तर पिस्टनचा माथा खड्डे पडून झिजतो, कधी वितळतोही.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात ही टकटक ऐकून पाय उचलणे ही चालवणाऱ्याची जबाबदारी होती. आजच्या गाड्यांत इंजिनच्या ब्लॉकवर एका बोल्टने आवळलेला, मध्ये भोक असलेला छोटा गोल भाग असतो. त्याला नॉक सेन्सर म्हणतात. त्याच्या पोटात सिरॅमिकची एक अंगठीएवढी कडी असते, कडीवर पोलादाचे एक वजन बसवलेले असते आणि वरून स्प्रिंगने ते सगळे दाबून धरलेले असते. ब्लॉक थरथरला की जागचे हलायला नाखूश असलेले ते वजन कडीला क्षणोक्षणी कमीजास्त दाबते. कडीच्या दोन बाजूंवर त्याच लयीत विद्युतप्रभार जमतो आणि उतरतो. दोन तारांवाटे हा संदेश इंजिनच्या कंट्रोल युनिटकडे जातो. ते युनिट प्रत्येक सिलिंडर पेटल्यानंतरच्या छोट्या अवधीपुरतेच या संदेशाकडे लक्ष देते, कारण टकटक व्हायची तर तेव्हाच होते. एरवी व्हॉल्व्ह बसण्याचे आवाजही तितकेच मोठे असतात. टकटक सापडली की त्या सिलिंडरची ठिणगी थोडी उशिरा टाकली जाते. मग हळूहळू ती पुन्हा पुढे आणली जाते, पुन्हा टकटक सापडेपर्यंत.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती कडी. ती भुकटी दाबून भट्टीत भाजलेली आहे. तिच्यात बॅटरी नाही, चुंबक नाही, तारेचे वेटोळे नाही. शिवाय ती ज्या ब्लॉकवर बसते तो १२०–१३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. दाबल्यावर वीज देणे हा या कडीचा जन्मजात गुण नाही. भट्टीतून बाहेर आली तेव्हा ती याबाबतीत पूर्ण मुकी होती. तो गुण तिला नंतर दिला गेला आहे, आणि ठरावीक तापमानाच्या वर गेली तर तो ती गमावून बसेल. सेन्सर बनवणाऱ्याचे आणि वापरणाऱ्याचे अर्धे शहाणपण या एका गोष्टीत आहे.

दाबल्यावर वीज देणारे स्फटिक नवे नाहीत. पियरे आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत हा परिणाम दाखवला. पण क्वार्ट्झचा तुकडा अखंड एक स्फटिक असतो, त्यातले सगळे अणू एकाच शिस्तीत मांडलेले असतात. सिरॅमिक तसे नसते. त्यात काही मायक्रॉन आकाराचे असंख्य कण एकमेकांना चिकटलेले असतात आणि प्रत्येक कणाची मांडणी वेगळ्या दिशेला तोंड करून असते. एका कणाने दाबाखाली वरच्या बाजूला धन प्रभार दिला, तर शेजारचा तो खाली देईल, तिसरा आडवा देईल. एकूण बेरीज शून्य. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिरॅमिकमधून असे काही निघेल असे फारसे कोणाला वाटले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र बदलले. रेडिओ आणि रडारच्या कपॅसिटरसाठी अभ्रक लागे आणि त्याचा पुरवठा अडखळत होता. पर्याय शोधताना अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जपान अशा तीन देशांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बेरियम टायटनेट हे संयुग हाती आले. बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांची भुकटी एकत्र भाजली की ते तयार होते. वीज साठवण्याची त्याची क्षमता तोवरच्या सिरॅमिकच्या मानाने अफाट होती. का, ते समजायला त्याच्या आत डोकवावे लागते.

बेरियम टायटनेटची रचना पेरोव्स्काइट नावाच्या खनिजासारखी आहे. हे खनिज उरल पर्वतात सापडले, १८३९ मध्ये गुस्ताव रोझ याने त्याचे वर्णन केले आणि रशियातल्या लेव्ह पेरोव्स्की या खनिजप्रेमी सरदाराचे नाव त्याला दिले. रचना डोळ्यांसमोर आणणे सोपे आहे. एक घन घ्या. आठ कोपऱ्यांवर बेरियम, सहा पृष्ठांच्या मध्यभागी ऑक्सिजन आणि घनाच्या ऐन मध्यात टायटॅनियमचा छोटा अणू. असे घन एकावर एक, एकाशेजारी एक रचले की झाला स्फटिक.

सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर टायटॅनियम खरोखर मध्यभागी असतो, म्हणजे उष्णतेने थरथरत असला तरी त्याची सरासरी जागा मध्यच असते. घन सगळ्या बाजूंनी सारखा असतो. तापमान १२०च्या खाली आले की मध्यभागी राहणे त्याला परवडत नाही. तो सहा ऑक्सिजनपैकी एकाच्या दिशेने सरकतो आणि घन त्या दिशेला जवळपास एक टक्का लांबट होतो. सरकणे किती, तर एका मीटरच्या शंभर अब्जाव्या भागाइतके. पण टायटॅनियमवर धन प्रभार आणि ऑक्सिजनवर ऋण प्रभार असल्यामुळे एवढ्याशा सरकण्यानेही घनाचे एक टोक धन आणि दुसरे ऋण होते. याला ध्रुवण म्हणतात. बेरियम टायटनेटच्या या रचनेचा क्ष-किरणांनी केलेला उलगडा ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ हेलन मेगॉ यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केला.

ज्या तापमानाला हा बदल होतो त्याला क्युरी तापमान म्हणतात. ते मोजणे अवघड नाही. चकतीच्या दोन्ही बाजूंना चांदीचा थर देऊन ती छोट्या भट्टीत ठेवायची, तारा बाहेर काढून मीटरला जोडायच्या आणि भट्टी मिनिटाला दोन-तीन अंशांनी तापवत तिची कपॅसिटन्स नोंदवत जायची. बेरियम टायटनेटमध्ये खोलीच्या तापमानाला जो आकडा दिसतो तो शंभरच्या पुढे झपाट्याने चढू लागतो, १२०च्या आसपास पाच-सात पटींचे टोक गाठतो आणि मग तितक्याच वेगाने उतरतो. टोकापाशी टायटॅनियम इकडे की तिकडे अशा द्विधेत असतो, बाहेरून लावलेल्या अगदी क्षीण विद्युतक्षेत्रालाही तो भरपूर दाद देतो. म्हणून तो आकडा फुगतो. आलेखावरचे हे टोक त्या मिश्रणाची ओळख असते. भुकटी मिसळताना प्रमाण चुकले असेल, किंवा रासायनिक क्रिया अर्धवट राहिली असेल, तर टोक सरकलेले किंवा पसरट झालेले दिसते.

आता चकती थंड होत १२०च्या खाली येते त्या क्षणाकडे जवळून पाहू. प्रत्येक घनाला सहा दिशा मोकळ्या आहेत: वर, खाली, डावी, उजवी, पुढे, मागे. कोणती निवडावी याची सक्ती नाही. शेजारी शेजारी असलेले हजारो घन एकच दिशा धरतात, कारण शेजाऱ्याच्या विरुद्ध जाण्यात ऊर्जा खर्च होते. पण पूर्ण कणाने एकच दिशा धरली तर त्याच्या टोकांना मोठा प्रभार साचेल, शिवाय एका बाजूला लांबट झालेला कण भोवतालच्या कणांना ढकलेल. तेही महाग. म्हणून कणाच्या आत वेगवेगळ्या दिशांचे पट्टे पडतात. या पट्ट्यांना डोमेन म्हणतात. दोन शेजारच्या डोमेनच्या दिशा एकमेकींच्या अगदी उलट असू शकतात, किंवा काटकोनात असू शकतात. घासून चकचकीत केलेल्या चकतीवर थोडे आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की आम्लाने डोमेनच्या दिशेनुसार कमीजास्त खाल्लेला भाग दिसतो, आणि एकेका कणात समांतर रेघांचे, मध्येच तिरके वळलेले पट्टे उठून येतात.

उलट दिशांचे डोमेन आणि काटकोनातले डोमेन यांतला फरक पुढे फार कामाला येतो. उलट दिशेचा डोमेन फिरवला तर घनाचा आकार तोच राहतो, फक्त टायटॅनियम वरचा खाली जातो. काटकोनातला डोमेन फिरवला तर घनाची लांबट बाजूच बदलते, म्हणजे तो कण भौतिकरीत्या एका दिशेला वाढतो आणि दुसऱ्या दिशेला आक्रसतो. त्यामुळे पहिला फक्त विजेला जुमानतो, दुसरा विजेला आणि दाबालाही.

सिरॅमिकमधले कण निरनिराळ्या दिशांचे आहेत, त्यांचे डोमेनही विखुरलेले आहेत, म्हणून बेरीज शून्य. पण डोमेन फिरवता येतात ही गोष्ट लक्षात आली आणि कोडे सुटले. कण जागचे हलवता येत नसले तरी प्रत्येक कणाच्या आत, त्याला शक्य असलेल्या दिशांपैकी, आपल्याला हव्या असलेल्या दिशेच्या सर्वांत जवळची दिशा निवडायला लावता येते. भाजलेल्या बेरियम टायटनेटला जोरदार विद्युतक्षेत्र लावून हे साधते हे १९४५–४७ च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले. आर. बी. ग्रे यांनी त्यावर पेटंटचा अर्ज केला आणि शेपर्ड रॉबर्ट्स यांनी १९४७ मध्ये त्याची मोजमापे प्रसिद्ध केली. या क्रियेला पोलिंग म्हणतात. प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत मराठी बोलणारी माणसेही ‘चकत्या पोल करणे’ असेच म्हणतात.

बेरियम टायटनेटची अडचण मात्र त्याच्या १२० अंशांतच होती. तापलेल्या इंजिन ब्लॉकवर अशी चकती बसवली तर पहिल्याच चढाला ती मुकी होईल. त्याशिवाय साधारण ५ अंशांच्या आसपास त्याची रचना आणखी एकदा बदलते, आणि थंडीत संवेदनक्षमता भलतीच हलते. पाणबुड्यांच्या सोनारसाठी ते वापरात आले, पण सगळ्यांचा शोध चालू राहिला. टोकियोतल्या संशोधकांनी लेड झिर्कोनेट आणि लेड टायटनेट यांच्या मिश्रणाचा अभ्यास केला होता. १९५४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये बर्नार्ड जाफे आणि सहकाऱ्यांनी त्या मिश्रणातला नेमका उपयोगाचा बिंदू दाखवून दिला. हेच लेड झिर्कोनेट टायटनेट, सर्वत्र पीझेडटी म्हणून ओळखले जाणारे. नॉक सेन्सरमधली कडी याचीच असते.

तो बिंदू असा. घनाच्या मध्यातल्या जागांपैकी झिर्कोनियम ५२ टक्के आणि टायटॅनियम ४८ टक्के असे प्रमाण ठेवले, की पदार्थ दोन रचनांच्या उंबरठ्यावर येतो. टायटॅनियम जास्त झाले तर ध्रुवण पृष्ठांच्या दिशेने असते, सहा दिशा. झिर्कोनियम जास्त झाले तर ते कोपऱ्यांच्या दिशेने असते, आठ दिशा. उंबरठ्यावर दोन्ही जवळपास सारख्याच स्वस्त, म्हणून डोमेनला चौदा दिशा मोकळ्या होतात आणि एकीकडून दुसरीकडे वळणे सोपे जाते. वेड्यावाकड्या कणालाही आपल्या हव्या दिशेच्या बऱ्यापैकी जवळची वाट सापडते. आणि मुख्य म्हणजे या मिश्रणाचे क्युरी तापमान साडेतीनशे अंशांच्या पलीकडे असते.

पीझेडटीची चकती बनवताना सर्वांत जास्त छळते ते शिसे. शिशाचा ऑक्साइड, झिर्कोनियमचा ऑक्साइड आणि टायटॅनियमचा ऑक्साइड मोजून बॉल मिलमध्ये तासन्‌तास दळतात, मग सुमारे ८०० ते ८५० अंशांना एकदा भाजून त्यांचे एकच संयुग करतात. पुन्हा दळून, थोडा चिकट पदार्थ घालून ती भुकटी साच्यात दाबतात. आता या कच्च्या चकत्या १२०० ते १२५० अंशांना भाजायच्या असतात, आणि त्या तापमानाला शिशाचा ऑक्साइड वाफ होऊन निघून जाऊ लागतो. शिसे गेले की प्रमाण बिघडले. म्हणून चकत्या अ‍ॅल्युमिनाच्या झाकणबंद मुशीत ठेवतात आणि भोवती शिसेयुक्त भुकटी पसरतात, म्हणजे मुशीच्या आतली हवा शिशाच्या वाफेने आधीच भरलेली राहते आणि चकत्यांतून फारसे काही निघत नाही. भाजण्याआधी आणि नंतर वजन केले की नुकसान कळते. वजन अपेक्षेपेक्षा उतरले असेल तर पुढचे सगळे सोपस्कार वाया. ही वाफ विषारी असते, म्हणून भट्टीवरची हवा ओढून घेण्याची व्यवस्था नीट असावी लागते. यात कसूर करणाऱ्या जागी काम करू नये, असे मी कोणालाही सांगेन. पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधन संस्थेच्या ‘आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट’मध्ये याच पदार्थासाठी पीझेडटी सेंटर आहे.

चांदीचा थर भाजून झाला की पोलिंग. सिलिकॉन तेलाने भरलेले भांडे १०० ते १२० अंशांना तापवलेले असते. चकती दोन टोकांमध्ये पकडून तेलात बुडवतात. तेल अशासाठी, की हवेत इतक्या व्होल्टेजला चकतीच्या कडेवरून ठिणगी उडेल. गरम अशासाठी, की तापलेल्या चकतीत डोमेन कमी आढेवेढे घेत फिरतात. एक मिलिमीटर जाडीच्या चकतीला दोन ते तीन हजार व्होल्ट हळूहळू चढवतात आणि वीसेक मिनिटे तसेच ठेवतात. मग तेल थंड होऊ देतात, व्होल्टेज चालू ठेवूनच. उतरवायचे ते शेवटी. घाईने आधी व्होल्टेज काढले तर गरम डोमेनपैकी काही परत फिरतात आणि चकती अर्धवट राहते. चकतीत एखादे बारीक छिद्र राहून गेले असेल तर याच वेळी तेलात ‘टक्’ असा आवाज येतो, व्होल्टेज कोसळते, आणि बाहेर काढल्यावर चांदीवर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसतो. ती चकती गेली.

पोलिंगमध्ये नेमके काय होते? ठरावीक मर्यादेपर्यंत व्होल्टेज वाढवत गेले तरी फारसे काही बदलत नाही. मिलिमीटरला सुमारे हजार ते दीड हजार व्होल्ट ओलांडले की डोमेनच्या भिंती सरकू लागतात. योग्य दिशेचे डोमेन वाढतात, चुकीच्या दिशेचे खाल्ले जातात. उलट दिशेचे जवळपास सगळे वळतात. काटकोनातले मात्र सगळे वळत नाहीत, कारण वळताना कणाचा आकार बदलतो आणि शेजारचे कण तो बदलू देत नाहीत. म्हणून पोल केलेले सिरॅमिक कधीच अखंड स्फटिकाइतके शिस्तबद्ध होत नाही. व्होल्टेज शून्यावर आणले तरी बहुतेक डोमेन नव्या दिशेलाच राहतात. पुन्हा फिरवायचे तर उलट दिशेने तितकेच जोरदार व्होल्टेज लावावे लागेल. फेरोइलेक्ट्रिक या शब्दामागे एवढेच आहे: आतले ध्रुवण बाहेरच्या विजेने उलटवता येते आणि वीज काढल्यावर ते तसेच टिकते.

पोलिंगनंतर चकतीची दोन टोके तारेने किंवा वर्खाने जोडून ठेवतात, कारण तापमानाच्या साध्या फरकानेही तिच्यावर प्रभार साचतो. मोजणीही लगेच करत नाहीत, दुसऱ्या दिवशी करतात. ताण सहन करत नव्या दिशेला उभे असलेले काही डोमेन पहिल्या काही तासांत मागे फिरतात. ही घसरण वेळेच्या दसपटीच्या हिशेबाने होते: पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जितकी, साधारण तितकीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. म्हणजे एका दिवसानंतर ती इतकी मंद होते की आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

मोजायचे यंत्र साधे असते. चकती दोन गोल टोकांमध्ये हलकेच पकडायची. यंत्र तिला सेकंदाला शंभरेक वेळा बारीकसा दाब देते आणि प्रत्येक न्यूटन दाबामागे किती पिकोकुलोम प्रभार आला ते आकड्यात दाखवते. या आकड्याला डी-थ्री-थ्री म्हणतात. क्वार्ट्झचा असा आकडा दोन-सव्वादोन असतो. सेन्सरसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीझेडटी-५ए या प्रकाराचा सुमारे ३७४. पोल न केलेल्या चकतीचा शून्य.

या आकड्याचा अर्थ एका उदाहरणाने लावू. १० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची ५ए चकती घ्या आणि तिच्यावर एक किलोचे वजन ठेवा, म्हणजे साधारण १० न्यूटन. प्रभार येईल ३७४० पिकोकुलोम, म्हणजे पावणेचार नॅनोकुलोमच्या आसपास. अशा चकतीची कपॅसिटन्स सुमारे १.२ नॅनोफॅरड असते. भागाकार केला की तीन व्होल्टपेक्षा थोडे अधिक येतात. एका किलोच्या वजनाने तीन व्होल्ट! हे वाचून पुष्कळ हौशी मंडळी चकतीला मल्टिमीटर जोडतात, वजन ठेवतात आणि त्यांना जवळपास शून्य दिसते. चकती खराब नसते. मल्टिमीटरचा अंतर्गत रोध सहसा १० मेगाओम असतो आणि त्यातून हा सगळा प्रभार सुमारे १२ मिलिसेकंदांत बहुतांश वाहून जातो. काटा हलायच्या आत खेळ आटोपतो. म्हणून पीझेडटीचा सेन्सर ठोका, कंप, धक्का, आवाज यांसाठी उत्तम, आणि वजनकाट्यासाठी कुचकामी. टाकीत पाणी किती भरले आहे हे दाबावरून कळावे म्हणून कोणी तो लावला, तर टाकी भरताना तो बोलेल आणि भरून राहिली की गप्प बसेल.

नॉक सेन्सरला याची अडचण नाही. त्याच्या कामाची कंपने मिलिसेकंदाच्याही भागांत होतात. उलट ब्लॉक हळूहळू तापताना साचणारा नको असलेला प्रभार याच गळतीतून आपोआप निघून जातो. बोल्टचा ताण मात्र महत्त्वाचा असतो. अशा सेन्सरसाठी साधारण २० न्यूटन-मीटर सांगितलेले असतात. बोल्टचा मुख्य भार मधल्या धातूच्या नळीवर जातो, कडीवर नाही; तरीही ढिला राहिला तर ब्लॉकची थरथर नीट पोहोचत नाही आणि वाजवीपेक्षा जास्त आवळला तर सेन्सरचा प्रतिसाद बदलतो. खाली गंज किंवा रंगाचा थर राहिला तरी तेच. नवा सेन्सर घालूनही इंजिनचा इशारा दिवा परत लागतो तेव्हा या जागा आधी पाहाव्यात.

आता मुकेपणाकडे येऊ. चकती तापवत क्युरी तापमानाच्या पलीकडे नेली तर सगळे घन सारखे होतात, ध्रुवण नाहीसे होते. परत थंड केली की ध्रुवण परत येते, प्रत्येक घनात, पूर्वीइतकेच. पदार्थाचे काहीच बिघडलेले नसते. पण डोमेन पुन्हा मनमानी दिशांना पडतात आणि बेरीज पुन्हा शून्य. चकतीला दिलेली दिशा तेवढी गेलेली असते.

हा प्रकार बहुतेकांच्या हातून होतो तो सोल्डरिंग करताना. सोल्डरिंग आयर्नचे टोक ३५० अंशांना असते. ५ए चकतीचे क्युरी तापमान ३६५च्या आसपास, म्हणून दोन-तीन सेकंदांत टाका मारून उचलले तर ती निभावते. पण जास्त संवेदनक्षम म्हणून विकत घेतलेल्या पीझेडटी-५एच प्रकाराचे क्युरी तापमान २०० अंशांच्याही खाली, सुमारे १९३ असते. आयर्न पाच-सहा सेकंद रेंगाळले की टाक्याखालचा भाग मुका झालाच. पूर्ण उडायला क्युरी तापमान गाठावेही लागत नाही. त्याच्या बऱ्याच खाली डोमेन सैलावतात आणि एकेक करून परततात. म्हणून कायमच्या वापरासाठी क्युरी तापमानाच्या निम्म्याच्या आसपास थांबावे असा व्यवहारातला संकेत आहे. ५एसाठी तो १८० अंशांच्या घरात येतो, आणि म्हणूनच १३० अंशांच्या ब्लॉकवर ती वर्षानुवर्षे टिकते.

बिघडलेली चकती ओळखायची कशी? डोळ्यांना काही दिसत नाही. रंग तोच, चांदी तीच. कपॅसिटन्स मोजली तर थोडाफार फरक पडतो, पण त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. डी-थ्री-थ्रीचे यंत्र असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोपही पुरतो. चांगल्या चकतीला बदलते व्होल्टेज दिले की ती स्वतः कंप पावते. वरच्या उदाहरणातली १० मिलिमीटरची चकती २०० किलोहर्ट्‌झच्या आसपास व्यासाच्या दिशेने जोरात थरथरते. चकतीच्या मालिकेत एक रोध जोडून वारंवारता हळूहळू वाढवत नेली, तर त्या ठिकाणी प्रवाह उसळी घेतो आणि जरा पुढे एकदम खाली बसतो. मुक्या चकतीत ही उसळी येतच नाही, प्रवाह सरळ चढत जातो. अर्धवट बिघडलेल्या चकतीत उसळी असते, पण खुजी, आणि तिच्यापुढचा खड्डा जवळ सरकलेला असतो.

अशी चकती फेकायची गरज नसते. चांदी शाबूत असेल, तडा नसेल, तर तेलात बुडवून पुन्हा पोल करता येते. सेन्सरच्या आत चिकटवलेली असेल तर मात्र त्या गरम तेलात आणि व्होल्टेजात गोंदच टिकत नाही. तिथे उपाय नाही. तडा गेलेली चकती वेगळी ओळखू येते: उसळी एकऐवजी दोन-तीन तुकड्यांत फुटलेली दिसते.

दाबानेही दिशा जाते, हे लोक विसरतात. पोलिंगच्या दिशेतच फार जोराने चिरडले तर लांबट बाजू उभी असलेले घन आडवे होतात, म्हणजे काटकोनातले डोमेन उलटे फिरतात. मऊ प्रकारच्या पीझेडटीत पन्नास मेगापास्कलच्या पुढे हा धोका वाढत जातो. आपल्या १० मिलिमीटरच्या चकतीसाठी तो भार चारशे किलोच्या आसपास येतो. ऐकायला मोठा, पण हातोडीचा एक फटका किंवा शिकंज्यात जास्त आवळणे तिथवर सहज नेते. यावर तोड म्हणून कारखाने मिश्रणातच किंचित फेरफार करतात. नायोबियम थोडेसे घातले की डोमेनच्या भिंती मोकळ्या सरकतात. संवेदन वाढते, टिकाऊपणा घटतो. ही मऊ जात सेन्सरसाठी. लोह किंवा मँगनीज घातले की भिंती अडकतात. संवेदन उतरते, पण जोराचे कंप आणि उष्णता सोसवते. ही कठीण जात सोनारच्या आणि अल्ट्रासोनिक सफाईच्या यंत्रांसाठी.

या ओढाताणीतून सुटका अजून कोणाला सापडलेली नाही. ५एचचा आकडा ५९३, पण क्युरी तापमान १९३. ५एचा ३७४ आणि ३६५. विमानाच्या इंजिनवर कंप मोजायचा तर पीझेडटी पुरत नाही. तिथे बिस्मथ टायटनेट हे वेगळ्या थरांचे फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिक वापरतात. त्याचे क्युरी तापमान सुमारे ६७५ अंश आणि डी-थ्री-थ्री जेमतेम वीसच्या आसपास. इतक्या बारीक संदेशासाठी चांगला चार्ज अ‍ॅम्प्लिफायर, उष्णता सोसणारी खनिज-वेष्टित केबल आणि धातूत बंद केलेली जोडणी असा सगळा खर्च वाढतो, आणि तो करणारे करतात, कारण तेवढ्या उष्णतेत दिशा सांभाळणारी चकती याहून स्वस्तात मिळत नाही.